डाळिंबाच्या पानावरचा पिवळा जिवाणू नेमका कोणता, हे १६एस जनुकावरून कसे ओळखावे

सांगोला किंवा पंढरपूरकडच्या बागेतून तेल्याचा संशय असलेले डाळिंबाचे पान आले, त्यावरच्या तेलकट डागाच्या कडेचा तुकडा बशीत लावला आणि पिवळी वसाहत उगवली, की बहुतेकांना काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात पिवळी वसाहत दोन अगदी निराळ्या जिवाणूंची असू शकते. एक म्हणजे तेल्याचा खरा कारक झँथोमोनास आणि दुसरा म्हणजे पानावर निरुपद्रवीपणे राहणारा पँटोइया. या दोहोंत निवाडा करण्यासाठी पीसीआर आणि १६एस जनुकाचा अनुक्रम ही पद्धत उत्तम आहे, मात्र ती कुठवर नेते आणि कुठे थांबते हे आधीच ठाऊक असावे.

पहिले काम शुद्ध वसाहत मिळवण्याचे आहे, आणि पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ येथेच असते. डाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवरचा लहान तुकडा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट ठेवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवावा, थेंबभर निर्जंतुक पाण्यात चिरडावा आणि साखर घातलेल्या न्यूट्रिएंट अगारवर रेघांनी पसरवून २८ अंश सेल्सिअसला ठेवावा. पँटोइया साधारण २४ तासांतच ठसठशीत दिसू लागतो, तर डाळिंबावरचा झँथोमोनास सावकाश, तीन ते पाच दिवसांनी, फिकट पिवळा आणि चिकट असा येतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी घाईने वसाहत उचलणाऱ्याच्या हाती सहसा चुकीचा जिवाणू लागतो. एकटी वसाहत उचलून नव्या बशीवर निदान दोनदा पुन्हा पसरवावी आणि सगळ्या वसाहती एकसारख्या दिसल्यावरच पुढे जावे.

१६एस जनुक प्रत्येक जिवाणूत असते, कारण प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या लहान भागातला आरएनए त्यातून तयार होतो. त्याचे काही भाग जवळजवळ सर्व जिवाणूंत सारखे असतात, तर मधले काही भाग गटागटाने बदलतात. सारख्या भागांवर प्रायमर बसवायचे आणि बदलत्या भागांवरून ओळख पटवायची, एवढेच या पद्धतीचे तत्त्व आहे. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेतून आर्किया हा स्वतंत्र गट दाखवून दिला होता. नेहमी वापरली जाणारी प्रायमरची जोडी अशी आहे :

```
27F    AGAGTTTGATCMTGGCTCAG
1492R  TACGGYTACCTTGTTACGACTT
```

यातील `M` म्हणजे त्या जागी `A` किंवा `C`, आणि `Y` म्हणजे `C` किंवा `T`. ही अक्षरे टंकनदोष समजून ‘दुरुस्त’ करू नयेत.

डीएनएसाठी वसाहतीचा टाचणीच्या टोकाएवढा अंश १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळून ९५ अंशांवर दहा मिनिटे उकळावा, नळी फिरवून गाळ खाली बसवावा आणि वरचे पाणी घ्यावे. झँथोमोनासच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. त्याचा चिकटपणा झँथन गोंदाचा असतो आणि हा गोंद पाण्यात उतरून पीसीआरच्या विकराला अडवतो. त्यामुळे जास्त डीएनए घातला की पट्टी येईल हा तर्क येथे उलटा पडतो. मूळ अर्क, त्याची दहापट विरलता आणि शंभरपट विरलता अशा तीन नळ्या एकदम लावाव्यात. मूळ अर्कात काहीच न येता दहापट विरलतेत लख्ख पट्टी आली, तर दोष गोंदाचा होता हे स्पष्ट होते.

२५ मायक्रोलिटरच्या एका नळीत दुप्पट तीव्रतेचे मास्टर मिक्स १२.५, प्रत्येक प्रायमर (१० मायक्रोमोलर) १, अर्क १ आणि पाणी ९.५ मायक्रोलिटर घालावे. यंत्रात आधी ९५ अंशांवर पाच मिनिटे, मग ९५ अंशांवर ३० सेकंद, ५५ अंशांवर ३० सेकंद आणि ७२ अंशांवर ९० सेकंद अशी ३० आवर्तने, आणि शेवटी ७२ अंशांवर सात मिनिटे द्यावीत. ९० सेकंदांचे कारण असे की टॅक विकर मिनिटाला साधारण एक हजार बेस जोडतो आणि आपला तुकडा सुमारे १,५०० बेसचा असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात नळ्या बर्फावरच भराव्यात, आणि वीज जाण्याची धास्ती असेल तर यंत्र यूपीएसवर ठेवावे, कारण मधेच थांबलेल्या आवर्तनांचा भरवसा देता येत नाही.

अर्काऐवजी नुसते पाणी घातलेली एक नळी अनिवार्य आहे. हे प्रायमर कोणत्याही जिवाणूवर बसतात, त्यामुळे पाण्यातले, हाताचे, इतकेच काय विकर बनवताना त्यात उरलेले ई. कोलायचे डीएनएसुद्धा वाढू शकते. १ टक्का अगारोज जेलवर नमुन्याच्या नळीत १,५०० च्या आसपास एकच पट्टी आणि पाण्याच्या नळीत काहीच नाही, असे चित्र असेल तरच नमुना पुढे पाठवावा. पाण्यातही पट्टी आली, तर आवर्तने वाढवून काही साधत नाही. पाणी आणि प्रायमर बदलून सुरुवात पुन्हा करावी.

शुद्ध केलेला तुकडा सँगर पद्धतीच्या अनुक्रमणासाठी दोन्ही प्रायमरनी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाचून घ्यावा. एका बाजूचे विश्वासार्ह वाचन साधारण ८०० बेसपर्यंत मिळते, त्यामुळे एकाच वाचनावर भागवणे म्हणजे अर्धे जनुक सोडून देणे होय. निकालासोबत येणारा शिखरांचा आलेख न पाहता केवळ अक्षरांची फाइल वापरू नये. सुरुवातीचे तीस-चाळीस बेस अस्पष्ट असतातच, ते कापावेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाखाली एक दोन शिखरे दिसत असतील, तर वसाहत मिश्र होती आणि परत बशीकडे जाणे भाग आहे. मात्र काही अंतरापर्यंत स्वच्छ वाचन येऊन एका ठिकाणापासून पुढे दुहेरी शिखरे सुरू झाली, तर ते मिश्रणच असेल असे नाही. एकाच जिवाणूत या जनुकाच्या अनेक प्रती असतात आणि त्यांतील एखादीत बेस कमी-जास्त असला की असेच घडते. अशा वेळी दुसऱ्या बाजूचे वाचन उपयोगी पडते.

उलट बाजूचे वाचन पूरक करून उलटवावे, दोन्ही जोडावीत आणि एनसीबीआयच्या ब्लास्टमध्ये शोधावे. तेथे मोठ्या सर्वसाधारण संग्रहाऐवजी `rRNA/ITS databases` मधला १६एसचा संग्रह निवडावा, कारण सर्वसाधारण संग्रहात कोणीही दिलेली, कधी चुकीच्या नावाची नोंदही असते. समजा, जोडून १,३८० बेस मिळाले. सध्या प्रजातीची सीमा ढोबळमानाने ९८.७ टक्के मानतात, म्हणजे १,३८० मध्ये सुमारे १८ बेसचा फरक. `Query Cover` जवळपास पूर्ण असून `Per. Ident` ९९ च्या वर असलेली पहिली सगळी नावे पँटोइयाची असतील, तर हा जिवाणू तेल्याचा नाही आणि खरा जिवाणू बशीवर मागे राहिला किंवा उगवलाच नाही.

ती नावे झँथोमोनासची असतील, तर मात्र यादीत अनेक प्रजाती जवळजवळ एकाच टक्केवारीने एकाखाली एक दिसतील. त्यातले सर्वांत वरचे नाव उचलून अहवालात लिहिणे ही नेहमीची चूक आहे. ९८.७ ची सीमा ‘याहून कमी असेल तर प्रजाती वेगळी’ एवढेच सांगते. ‘याहून जास्त असेल तर प्रजाती एकच’ असे ती सांगत नाही. झँथोमोनासमध्ये वेगवेगळ्या प्रजातींचे १६एस जनुक ९९ टक्क्यांहूनही अधिक जुळते, कारण ते फार सावकाश बदलते. तेव्हा अहवालात ‘झँथोमोनास, प्रजाती अनिश्चित’ असे लिहावे आणि प्रजातीसाठी वेगाने बदलणारे `gyrB` जनुक याच रीतीने वाढवून वाचावे.

एवढे करूनही या जिवाणूनेच डाग पाडला हे सिद्ध होत नाही, कारण अनुक्रमावरून रोगकारकता कळत नाही. त्यासाठी शुद्ध वसाहतीचे पाण्यातले द्रावण निरोगी डाळिंबाच्या रोपाच्या पानांवर लावावे, शेजारच्या रोपावर नुसते पाणी लावावे, दोन्ही रोपे दमट ठेवावीत, आणि पहिल्या रोपावर तेलकट डाग उठले तर त्या डागातून तोच जिवाणू पुन्हा वेगळा काढून त्याचा अनुक्रम आधीच्या अनुक्रमाशी ताडून पाहावा.