३६ ला नऊच विभाजक का? मूळ अवयवांवरून विभाजक मोजायची रीत

३६ चे विभाजक काढा म्हटलं की आपण १, २, ३, ४ असं एकेका संख्येनं भागून बघतो. त्यात एखादा १२ किंवा १८ सुटतो, आणि सुटलाय हे कळायला मार्ग नसतो. म्हणून यादी करण्याआधी विभाजक किती आहेत हे माहीत असलेलं बरं. ते मूळ अवयवांवरून कळतं.

आधी शाळेत करतो तशी उभी मांडणी करून अवयव पाडा. ३६ ला २ ने भागलं की १८, पुन्हा २ ने भागलं की ९. आता २ चालत नाही, म्हणून ३ घ्या: ३, आणि मग १. म्हणजे

३६ = २ × २ × ३ × ३

आता समजा, हे चार अवयव चार चिठ्ठ्यांवर लिहून समोर ठेवलेत. त्यांतल्या काही चिठ्ठ्या उचलून गुणाकार केला की ३६ चा एक विभाजक मिळतो. २, २ आणि ३ उचलले तर १२ झाले; खाली एक ३ उरला, आणि १२ × ३ = ३६. उलट ८ करायला तीन वेळा २ लागतात, आपल्याकडे दोनच आहेत. म्हणून ८ ने ३६ ला भाग जात नाही.

मग प्रश्न एवढाच उरतो की चिठ्ठ्या किती प्रकारे उचलता येतील. २ च्या बाबतीत तीन पर्याय आहेत: एकही नाही, एक, किंवा दोन्ही. ३ चंही तसंच. २ च्या प्रत्येक पर्यायासोबत ३ चा कुठलाही पर्याय घेता येतो, म्हणून ३ × ३ = ९. ते नऊ असे दिसतात:

| | २ नाही | एक २ | दोन २ |
|---|---|---|---|
| ३ नाही | १ | २ | ४ |
| एक ३ | ३ | ६ | १२ |
| दोन ३ | ९ | १८ | ३६ |

वरच्या डाव्या कोपऱ्यातला १ नीट बघा. काहीच न उचलणं हाही एक पर्याय आहे, आणि त्याचा विभाजक १. ‘घातांकात १ मिळवा आणि गुणा’ हा नियम अनेकांना पाठ असतो, पण तो १ कुठून येतो हे विचारलं की अडतं. तो ‘एकही नाही’ या पर्यायाचा आहे. ३६ मध्ये २ दोनदा आणि ३ दोनदा, म्हणून (२ + १) × (२ + १) = ९.

इथे सर्वांत जास्त चूक होते ती अवयव अर्धवट पाडल्यामुळे. ३६ = ४ × ९ एवढ्यावर थांबून नियम लावला तर (१ + १) × (१ + १) = ४ येतात: १, ४, ९, ३६. कारण ४ ची चिठ्ठी फाडून त्यातला एकच २ घेता येत नाही, म्हणून २, ६, १८ हे सगळे गळतात. प्रत्येक अवयव मूळ संख्या आहे ना, हे तपासूनच पुढे जा. अवयव मूळ असले की एक संख्या दोनदा मोजली जाण्याची भीतीही नसते, कारण कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात.

आता ३६ ला ५ ने गुणून १८० करा. ५ हा नवा अवयव, त्याचे दोन पर्याय: घ्या किंवा सोडा. जुने नऊ विभाजक तसेच राहतात आणि त्या प्रत्येकाची पाचपट नव्याने येते, म्हणून १८ होतात. पण ३६ ला २ ने गुणून ७२ केले तर १८ होत नाहीत. २ आधीच होता, त्याचे पर्याय तीनाचे फक्त चार झाले, म्हणून ४ × ३ = १२. तक्त्यात ८, २४, ७२ हा एकच स्तंभ वाढतो.

उत्तर पडताळायचं असेल तर जोड्या लावा: १ व ३६, २ व १८, ३ व १२, ४ व ९. उरतो ६, त्याची जोडी त्याच्याशीच. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम येते ती यामुळेच. १४४ चे उत्तर सम आलं तर अवयव पाडतानाच काहीतरी चुकलंय असं समजा. (बरोबर उत्तर १५ आहे.)

हीच रीत उलटीही वापरता येते. बरोबर नऊ विभाजक असलेली सर्वांत लहान संख्या कोणती? ९ म्हणजे ३ × ३ किंवा नुसते ९. पहिल्या प्रकारात दोन मूळ संख्या दोन-दोनदा येतात. सर्वांत लहान २ आणि ३ घेतल्या की ३६. दुसऱ्या प्रकारात एकच मूळ संख्या आठ वेळा, म्हणजे कमीत कमी २५६. म्हणून उत्तर ३६.