टोन स्कोअर ४१: व्हॉइस प्रोसेसला नव्याने लागणाऱ्यांसाठी

व्हॉइस प्रोसेसच्या ट्रेनिंगमध्ये एएचटी, सीसॅट, शिफ्ट अ‍ॅडहेरन्स हे सगळं घोकून घेतात. टोन स्कोअर, म्हणजे बोलण्याच्या सुरावरून यंत्र प्रत्येक कॉलला देतं ते गुण, मात्र ‘सिस्टीम काढते’ एवढ्या एका वाक्यात उरकतात. फ्लोअरवर गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्याच स्कोअरमुळे इन्सेंटिव्ह कापला जातो आणि मग शोधाशोध सुरू होते. मी खराडीतल्या एका बीपीओत ब्रिटनच्या गृहविम्याच्या प्रोसेसवर आधी एजंट होते, नंतर क्वालिटीत गेले. त्यामुळे हा आकडा दोन्ही बाजूंनी पाहिला आहे.

जुन्या पद्धतीत क्वालिटीचा माणूस महिन्याला एका एजंटचे चार-पाच कॉल ऐकायचा. ते कोणते निघतील हा नशिबाचा भाग, आणि ऐकणाऱ्याचा मूडही त्यात यायचा. पण ऐकणारा माणूस होता, त्याच्याशी भांडता यायचं. आता यंत्र प्रत्येक कॉलचा प्रत्येक सेकंद ऐकतं. ‘सगळेच कॉल मोजतो म्हणजे पक्षपात नाही’ असं मॅनेजमेंट सांगतं. अर्धी गोष्ट खरी आहे.

यंत्राला राग किंवा आपुलकी ऐकू येत नाही. त्याला मोजता येतात त्या गोष्टी साध्या आहेत: आवाजाची पट्टी, मोठेपणा, बोलण्याचा वेग, मधली शांतता, आणि दोघं एकाच वेळी किती बोलले. अशा मापांचा कोणता मेळ ‘चिडलेला’ आणि कोणता ‘शांत’, हे आधी कुणीतरी नमुन्याचे कॉल ऐकून ठरवलेलं असतं. ते नमुने अमेरिकी एजंटांचे असतील तर आपलं इंग्रजी तिथेच थोडं वाकडं पडतं. आपण प्रत्येक अक्षर जवळजवळ सारख्या जोराने उच्चारतो. तिकडच्या कानाला आणि तिकडच्या यंत्राला ते तुटक वाटू शकतं.

त्यात फोनची लाइन. साध्या टेलिफोन लाइनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. पुरुषांच्या आवाजाची मूळ पट्टी साधारण ८५ ते १८० आणि बायकांची १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे दोन्ही त्या पट्ट्याच्या खाली. यंत्र वरच्या कंपनांवरून मूळ पट्टीचा अंदाज बांधतं. आपला कानही तेच करतो म्हणा, पण लाइन खराब असली की यंत्राचा अंदाज कधीकधी थेट दुप्पट होतो. आलेखात पट्टी एका क्षणात दुप्पट होऊन तशीच खाली आली, तर समजायचं की माणूस किंचाळलेला नाही, मोजणी घसरली आहे.

आता एक कॉल तपशीलात सांगते, कारण डिस्प्युट, म्हणजे स्कोअरवरची लेखी हरकत, कशी टाकायची हे त्याशिवाय कळणार नाही.

एजंट लातूरचा मुलगा, फ्लोअरवर तसा नवाच. ग्राहक उत्तर इंग्लंडमधले वृद्ध गृहस्थ, वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून छतातून पाणी गळतंय. पहिली दोन मिनिटं आलेखात सगळं हिरवं, म्हणजे टोन ठीक. मग आजोबा म्हणाले, कानाचं यंत्र सापडत नाहीये, जरा मोठ्याने बोल. पोरगा मोठ्याने बोलायला लागला. पॉलिसी नंबर एकेक आकडा तोडून दोनदा सांगितला. मध्ये प्लंबरची वेळ शोधताना चाळीसेक सेकंद गप्प राहिला. आजोबांना तो बोलायला लागलेला कळायचंच नाही, म्हणून ते मध्येच बोलायचे. पुणे ते इंग्लंड लाइनवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे एकमेकांवर बोलणं आणखी वाढलं. शेवटी आजोबांनी मनापासून आभार मानले आणि सर्व्हेत पूर्ण गुण दिले.

टोन स्कोअर आला १०० पैकी ४१.

कारण सरळ आहे. आवाज चढवला की पट्टीही चढते. मोठा आवाज, चढलेली पट्टी, तोडून बोलणं आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलणं हे सगळं मिळून यंत्राला चिडलेल्या माणसासारखं दिसतं. शांततेचे गुण ‘डेड एअर’ म्हणून वेगळे गेले. आमच्या शीटमध्ये १०० पैकी २० गुण टोनचे होते. बाकीच्या ८० पैकी त्याला ७५ मिळाले होते, टोनचे मिळाले ८, एकूण ८३. पास व्हायला ८५ लागायचे.

त्याने पहिल्यांदा डिस्प्युटमध्ये लिहिलं: ‘ग्राहक खूश होता, सर्व्हे बघा.’ नामंजूर. बरोबरच होतं, कारण सर्व्हे आणि टोन ही वेगवेगळी खाती आहेत आणि तपासणाऱ्याकडे एवढ्यावर गुण परत द्यायला आधार नसतो. मग आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिलं. ०१:५२ ला ग्राहक ऐकू येत नसल्याचं सांगतो. ०१:५२ आधीचा टोन पूर्ण हिरवा आहे. नंतरची प्रत्येक लाल खूण आवाज वाढवल्याच्या जागी आहे, शब्द मात्र सगळीकडे सौम्य आहेत. शांततेच्या आधी ‘एक मिनिट, वेळ बघतो’ असं सांगितलेलं आहे, त्याची वेळही दिली. तपासणाऱ्याने तेवढीच तीन ठिकाणं ऐकली आणि त्या कॉलपुरता टोन बाद केला. ८० पैकी ७५ म्हणजे जवळपास ९४ टक्के.

यातून घ्यायचं ते एवढंच: स्कोअर कुठल्या क्षणी पडला ते शोधा आणि त्या क्षणाआधीचं-नंतरचं शेजारी ठेवा. ‘मी रागावलो नव्हतो’ हे सिद्ध करता येत नाही. ‘०१:५२ ला हे घडलं’ हे येतं.

आणखी एक तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या. स्वतःच्या कॉलचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. ग्राहक एका कानात आणि तुम्ही दुसऱ्या कानात येत असाल तर दोन्ही आवाज वेगळे साठवलेले आहेत. दोघं दोन्ही कानांत येत असतील तर कोण कधी बोललं हे यंत्र अंदाजाने ठरवत असण्याची शक्यता मोठी. मग ग्राहकाची आरडाओरड तुमच्या खात्यावर जमा होते. ट्रान्सक्रिप्टमध्ये ग्राहकाची वाक्यं तुमच्या नावाखाली दिसली की हा घोटाळा लगेच ओळखू येतो, आणि असा डिस्प्युट सहसा मंजूर होतो.

सीनियर मंडळी एक शॉर्टकट शिकवतील: दर मिनिटाला ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड’ टाका, आवाज साखरेत घोळवा. स्कोअर वाढतो, खोटं नाही. पण ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला तेच वाक्य चौथ्यांदा ऐकवलं की तो उखडतो. मी क्वालिटीत असताना ९० च्या वरचे कॉल मुद्दाम ऐकायचे. त्यातले काही इतके गुळगुळीत असायचे की ग्राहकाचा प्रश्न सुटला की नाही हेच कळायचं नाही.

काही ठिकाणी हे कॉलनंतर नाही, कॉल चालू असतानाच दिसतं. बॉस्टनच्या कॉजिटो कंपनीचं असं सॉफ्टवेअर अमेरिकेत मेटलाइफ विमा कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये वापरलं जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या होत्या. आवाज मरगळला की स्क्रीनवर कॉफीच्या कपाचं चित्र, सहानुभूती हवी असेल तर हृदयाचं. टीप म्हणून वाईट नाही. पण एक डोळा चित्रावर ठेवून समोरच्याचं ऐकणं सवयीने जमत असेल, मला तरी कधी जमलं नसतं.

पाळत म्हणून मला जे खटकलं ते वेगळंच. एका महिन्यात टीम लीडने एका मुलाचा ‘एनर्जी’चा आलेख मीटिंगमध्ये लावला. रोज दुपारनंतर उतरत जायचा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा वर यायचा. लीडला वाटलं, हा जेवणानंतर पेंगतो. रमजान चालू होता. मुलगा रोज्यावर होता आणि इफ्तारनंतर त्याचा आवाज खुलायचा. त्याने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. आलेखाने पंधरा जणांसमोर सांगून टाकलं. नवरात्राचे उपवास, थायरॉइड, घरातलं मरण, सगळं याच रेषेत उतरतं. महिन्याला पाच कॉल ऐकणाऱ्या माणसाला हे दिसलं नसतं. प्रत्येक सेकंद मोजणाऱ्याला दिसतं.

युरोपियन युनियनने हे ओळखलं. त्यांच्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून कर्मचाऱ्यांच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणेवर बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. २ फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू आहे. नुसत्या ट्रान्सक्रिप्टच्या शब्दांवरून काढलेला भावनांचा अंदाज मात्र त्यात धरत नाहीत. त्याआधी २०२२ मध्ये हंगेरीच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने कॉलमधल्या भावना सॉफ्टवेअरने तपासणाऱ्या एका बँकेला २५ कोटी फोरिंट दंड केला होता. ग्राहकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्याही भावना तपासल्या जात होत्या, आणि आवाजाचं असं विश्लेषण होतंय हे ग्राहकांना नीट सांगितलेलंच नव्हतं.

खराडी-हिंजवडीतल्या एजंटने त्या बंदीच्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे भावना ताडण्यावर वेगळी बंदी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याचा डेटा त्याच्या संमतीशिवाय वापरायला वाव देतं. म्हणून जे विचारायचं ते जॉइन होतानाच विचारलेलं बरं, आणि शक्यतो मेलवर. टोनचे गुण इन्सेंटिव्हला जोडलेत की फक्त कोचिंगला? डिस्प्युट किती दिवसांत टाकायचा आणि तो माणूस तपासतो का? माझा आलेख टीम लीडशिवाय कोणाला दिसतो? नोकरी सोडल्यावर रेकॉर्डिंग आणि स्कोअर किती काळ ठेवता? आणि होल्डवर किंवा म्यूटवर असताना माझा माइक रेकॉर्ड होतो का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. काही यंत्रणांत होल्डवरचं बोलणंही साठतं, आणि स्क्रीनवरचं म्यूट दाबलं तरी आवाज रेकॉर्डरपर्यंत पोचू शकतो. उत्तर मिळेपर्यंत हेडसेटच्या वायरवरचं बटण वापरा, आणि ग्राहकाबद्दल शेजाऱ्याशी जे बोलायचं ते ब्रेकमध्ये, चहाच्या टपरीवर.