'स्टॅन', 'शिप', 'कॅनन': मुलांचं फॅनडमचं बोलणं कसं समजून घ्यावं

ओळखीतले आईबाप मला मुलांचं फॅनडममधलं, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या किंवा कलाकाराच्या चाहत्यांच्या जगातलं, एखादं वाक्य पाठवतात आणि अर्थ विचारतात. तोवर बहुतेकांनी 'किशोरवयीन मुलांची भाषा' अशी एखादी लांबलचक यादी वाचलेली असते आणि घोळ आणखी वाढलेला असतो. या याद्या बाजूला ठेवा. 'शिप' म्हणजे जोडी हे पाठ करून काही कळत नाही. ही जोडी कोणाची, ती गोष्टीतली की खऱ्या माणसांची आणि गोष्टीत ती जमते की नाही, हे कळायला हवं. ते यादीत मिळत नाही.

१. पूर्ण वाक्य घ्या आणि गोष्टीचं नाव विचारा

फोन चोरून बघायची गरज नाही, जेवताना कानावर पडतं तेवढं पुरतं. हे वाक्य घेऊ: "मी हिनाताची स्टॅन आहे. नारुहिना कॅनन झालं, तरी नारुसाकुवाले त्यांची शिप सोडत नाहीत." गोष्ट 'नारुतो' ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथांची, मालिका आहे. ती 1999 ते 2014 चालली, तिच्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, निघाला आणि आपल्याकडची मुलं तो आजही बघतात.

२. 'स्टॅन' लगेच उरका

स्टॅन म्हणजे कट्टर चाहता. 'मी तिला स्टॅन करते' असं क्रियापदही होतं. अमेरिकन रॅपर एमिनेमच्या 2000 सालच्या गाण्यातल्या चाहत्याचं हे नाव. तो पत्रं लिहीत राहतो, उत्तर येत नाही आणि शेवट भयंकर होतो. पालक शोधायला गेले की आधी हेच वाचतात आणि घाबरतात. आज हा शब्द त्या अर्थाने वापरत नाहीत. तुमची मुलगी एवढंच म्हणतेय की हिनाता हे पात्र तिला जीव की प्राण आहे. 'स्टॉकर आणि फॅन मिळून स्टॅन' ही फोड सगळीकडे फिरते, पण उगम त्या गाण्यात आहे.

३. शिप आणि कॅनन वेगळे काढा

खरी मेख इथे आहे. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला.

'रिलेशनशिप'ची शेपटी म्हणजे 'शिप'. 1990 च्या दशकात 'एक्स-फाइल्स' मालिकेच्या चाहत्यांनी हा शब्द रूढ केला. दोन पात्रांचं जुळावं असं वाटणं म्हणजे त्यांना शिप करणं. नारुतो आणि हिनाता म्हणजे नारुहिना, नारुतो आणि साकुरा म्हणजे नारुसाकु. न कळणारा जोडशब्द दिसला तर आधी त्यात दोन नावं शोधा.

कॅनन म्हणजे मूळ लेखकाच्या कथेत प्रत्यक्ष घडलेलं. आपल्याकडचं जांभूळ आख्यान आठवा. त्यात द्रौपदीच्या मनात कर्णाबद्दल ओढ आहे. व्यासांच्या महाभारतात ही गोष्ट नाही, तरी ती पिढ्यानपिढ्या गायली गेली. मुलांच्या भाषेत द्रौपदी-कर्ण ही शिप आहे, पण कॅनन नाही.

इथवर सगळ्यांना कळतं. पुढे लोक घसरतात ते 'कॅनन नाही म्हणजे मुलांनी मनाने रचलेलं' असं धरून. तसं नसतं. नारुतोचंच बघा. सुरुवातीपासून नारुतोला साकुरा आवडते, हे कथेतच आहे. म्हणजे त्याचं तिच्यावर मन असणं कॅनन आहे. हिनाता लाजरी, लांबून त्याच्याकडे बघणारी. पुढे पेन नावाच्या खलनायकाच्या हल्ल्यात ती जिवावर उदार होऊन मध्ये पडते आणि आपलं प्रेम सांगून टाकते. हेही कॅनन. कथा चालू असताना दोन्ही बाजूंच्या हातात खरे पुरावे होते, म्हणून तर एवढी भांडणं झाली. नोव्हेंबर 2014 मध्ये शेवटचं, 700 वं प्रकरण आलं. त्यात नारुतो आणि हिनाता संसार करताना दिसतात, त्यांना दोन मुलं आहेत, साकुराचं सासुके या दुसऱ्या पात्राशी लग्न झालंय. 'नारुहिना कॅनन झालं' याचा अर्थ हा. जोडी कॅनन ठरली, पण नारुसाकुवाल्यांचे जुने पुरावे काही पुसले गेले नाहीत. ते अजून का भांडतात, याचं उत्तर इथेच आहे.

म्हणून कॅनन शब्द आला की दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: कथेत या दोघांमध्ये काही आहे का? आणि शेवटी ते एकत्र येतात का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असू शकतं.

आणखी एक खोच आहे. ॲनिमेत मांगात नसलेले बरेच भाग घातलेत, त्यांना 'फिलर' म्हणतात. फिलरमधला प्रसंग पुरावा म्हणून दिला तर समोरचा उडवून लावतो. शिवाय 'हेडकॅनन' म्हणजे एखाद्याने स्वतःपुरतं मानलेलं आणि 'फॅनन' म्हणजे बऱ्याच चाहत्यांनी मिळून धरून चाललेलं. ही दोन्ही कॅनन नव्हेत.

एक मात्र करू नका. 'शिप' ऐकून मुलाच्या स्वतःच्या प्रेमप्रकरणाची चौकशी सुरू करू नका. दोन मुलग्यांची शिप आवडते म्हणून त्याच्या स्वतःच्या आवडीबद्दल निष्कर्ष काढणं तर साफ चूक. शिप काय सांगते, तर त्याला कोणती कथा कशी वाचायला आवडते.

४. फॅनफिकचं पान वाचायला शिका

चाहत्यांनी लिहिलेल्या कथा म्हणजे फॅनफिक. Archive of Our Own या साइटवर दोन नावांमध्ये `/` असेल तर प्रेमकथा किंवा शारीरिक संबंध, `&` असेल तर मैत्री किंवा घरचं नातं. या एका खुणेने अर्थ पार बदलतो.

रेटिंग शेजारीच असतं. `Mature` आणि `Explicit` प्रौढांसाठी. `Not Rated` म्हणजे निर्धोक असा समज पसरलाय, तो काढून टाका. लेखकाने रेटिंग दिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आत काहीही असू शकतं.

५. जोडी खऱ्या माणसांची आहे का, ते बघा

पॉप गटांतल्या गायकांच्याही जोड्या लावतात. खऱ्या माणसांना कॅनन नसतो, त्यामुळे तिथे एक बघणं, एक हसू हाच पुरावा होऊन बसतो. वन डायरेक्शनमधल्या हॅरी स्टाइल्स आणि लुई टॉमलिन्सन यांची 'लॅरी' ही जोडी चाहत्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. त्याचा आमच्या मैत्रीवर ताण आला, असं लुईने पुढे उघड सांगितलं. मुलाशी याबद्दल बोलायचं तर हेच उदाहरण घ्या.

वर्गातल्या दोघांना 'शिप' करणं म्हणजे आपल्या वेळचं नाव जोडून चिडवणं. त्या दोघांपैकी एकाला जरी ते नको असेल, तरी ते थांबवायला सांगा. इथे मी अजिबात मवाळ नाही.

६. एक प्रश्न विचारा आणि ऐका

हे शब्द स्वतः वापरायला जाऊ नका, मुलं तिथेच गप्प होतात. साध्या मराठीत विचारा: "नारुतो आणि साकुराचं जुळायला हवं होतं म्हणणाऱ्यांकडे गोष्टीतला सगळ्यात भक्कम पुरावा कोणता?" हिनाताची स्टॅन असलेली मुलगी आधी तो पुरावा सांगेल आणि मग पेनच्या हल्ल्यावर येईल. तिला मध्ये तोडू नका.