‘हो, नाही ओढत’ आणि जर्मनमधला ‘डॉख’

जर्मनीत भाड्याची खोली शोधत होते तेव्हा घरमालकीण बाईंनी फोनवर विचारलं, ‘झी राउखन निश्त?’ म्हणजे ‘तुम्ही सिगारेट ओढत नाही ना?’ मी लगेच म्हणाले, ‘या’, म्हणजे ‘हो’. माझ्या मनात मराठी उत्तर होतं: ‘हो, नाही ओढत.’ पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग प्रश्न आला, ‘आल्झो डॉख?’ म्हणजे ‘अच्छा, ओढता तर?’ क्लासमध्ये नकाराची वर्कशीट मी पूर्ण सोडवली होती, तरीही हे झालं. म्हणून नव्याने जर्मन शिकणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आपण मराठीत ‘हो’ म्हणतो ते बरेचदा समोरच्याच्या बोलण्याला. त्याने नकारार्थी विचारलं आणि ते बरोबर असेल, तर ‘हो, नाही’ हे आपल्याला सहज वाटतं. जर्मन माणूस मात्र वस्तुस्थिती काय आहे त्याला उत्तर देतो. ‘कॉम्स्ट डू हॉइटे निश्त?’ (आज येणार नाहीस का?) याला येणार नसाल तर ‘नाइन’, येणार असाल तर ‘डॉख’. नुसत्या ‘या’ने तुम्ही येणार की नाही हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. फ्रेंच शिकलेल्यांना ‘सी’ आठवेल, त्याचं कामही हेच.

हा ‘डॉख’ परका वाटतो, पण त्याचा भाऊ आपल्या घरात आहे. ‘जेवला नाहीस का?’ याला आपण काय म्हणतो? ‘जेवलो की!’ हा ‘की’ म्हणजेच डॉख. मी वर्कशीटवर प्रत्येक नकारार्थी प्रश्नाशेजारी पेन्सिलीने आधी मराठी उत्तर लिहायला लागले. त्यात ‘की’ किंवा ‘आहे ना!’ आलं, तर डॉख. ‘हो, नाही’ आलं, तर नाइन. दोन आठवड्यांत पेन्सिलीची गरज संपली. समोरच्याने प्रश्न न विचारता नुसतं विधान केलं, ‘तू पत्र पाठवलं नाहीस’, तरी ते खोडायला ‘डॉख!’ चालतं. आग्रहाच्या प्रश्नालाही तेच: ‘विल्स्ट डू निश्त मिटकॉमन?’ (येत नाहीस का आमच्याबरोबर?) याला आनंदाने होकार द्यायचा तर ‘डॉख, गेर्न!’

दुसरी अडचण दुहेरी नकाराची, आणि तिथे मराठी आपल्याला जास्त फसवते. वर्कशीटमध्ये वाक्य होतं, ‘कोणीच काही बोललं नाही.’ मी लिहिलं, ‘नीमांड हाट निश्त्स गेझाग्ट.’ नीमांड म्हणजे कोणीही नाही, निश्त्स म्हणजे काहीही नाही. प्रमाण जर्मनमध्ये हे दोन नकार एकमेकांना खोडतात आणि अर्थ होतो: काहीच बोललं नाही असं कोणीही नव्हतं, म्हणजे प्रत्येकजण काहीतरी बोलला. अगदी उलट!

चूक कुठे झाली? मराठी वाक्यात खरा नकार एकच आहे, शेवटचा ‘नाही’. ‘कोणी’, ‘काही’, ‘कधी’ या शब्दांत स्वतःचा नकार नाही. ‘च’ फक्त जोर देतो. जर्मनमध्ये मात्र नकार शब्दाच्या पोटातच असतो. ‘कोणीच’ला नीमांड केलं की नकार खर्च झाला. आता ‘काही’ला साधा ‘एटवास’ (काहीतरी) घ्यायचा: ‘नीमांड हाट एटवास गेझाग्ट.’ त्यात ‘कधी’ही असेल तर ‘नी’ (कधीच नाही) न वापरता ‘ये’ (कधीतरी): ‘नीमांड हाट ये एटवास गेझाग्ट.’ साधारणपणे डावीकडचा पहिला शब्द नकार घेतो, उरलेले साधे राहतात. वाक्य लिहून झालं की नकाराच्या शब्दांभोवती गोल करा. दोन गोल दिसले तर थांबून बघा.

मात्र नकार कोणत्या शब्दात ठेवला यावर अर्थ बदलतो. ‘येमांड हाट एटवास गेझेएन’ (कोणीतरी काहीतरी पाहिलं) याचा नकार करा, असा प्रश्न असतो. ‘नीमांड हाट एटवास गेझेएन’ म्हणजे कोणीच काही पाहिलं नाही. ‘येमांड हाट निश्त्स गेझेएन’ म्हणजे एकाला काही दिसलं नाही, इतरांना दिसलं असेल. व्याकरणाने दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. म्हणून आधी मराठीत अर्थ ठरवा, मग लिहा.

‘निश्त’ आणि ‘काइन’ या नकाराच्या दोन शब्दांमधली निवड त्यामानाने सोपी. नामापुढे ‘आइन’ म्हणजे ‘एक’ असेल किंवा काहीच नसेल, तर सहसा काइन: ‘इश हाबे काइने त्साइट’, मला वेळ नाही.

जाणूनबुजून केलेला दुहेरी नकार मात्र चालतो. ‘निश्त उनम्योग्लिश’ म्हणजे ‘अशक्य नाही’, अगदी आपल्यासारखंच. आणि बव्हेरियात बोलीभाषेत ‘काइनर’ म्हणजे ‘कोणीही नाही’ आणि ‘निश्त्स’ एकाच वाक्यात ऐकलंत, तर तिथे ते खोडत नाहीत. नकार फक्त ठळक होतो, जसा आपल्या ‘कोणीच काहीच नाही’मध्ये. तिथल्या शेजाऱ्यांचं ते बोलणं कानाला फार ओळखीचं वाटतं. परीक्षेच्या कागदावर मात्र एकच गोल ठेवा.