एआयने स्कूटर पुसली, पण भिंत थरथरतेय? या चुका टाळा

कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्याचा शॉट होता. कॅमेरा ट्रायपॉडवर, 12 सेकंद, सेकंदाला 25 फ्रेम. दारासमोर एक स्कूटर उभी होती, ती एआयने काढली. व्हिडिओ थांबवून पाहिला तर काहीच कळेना. प्ले केला की जोत्याचे दगड चुळबुळ करायला लागायचे आणि त्यांच्यामधल्या सरळ सांध्यांना लाटा यायच्या.

इथे पहिली चूक म्हणजे तेच टूल पुन्हा पुन्हा चालवणं. मीही चार वेळा चालवलं, चारही वेळा दगड वेगळे आले. चालत जाणारा माणूस काढायचा असेल तर त्याच्यामागची भिंत पुढच्यामागच्या फ्रेममध्ये सापडते. ही स्कूटर मात्र जागची हललीच नव्हती. मागचे दगड 300 पैकी एकाही फ्रेममध्ये दिसले नव्हते, म्हणजे टूल ते कल्पनेने रंगवत होतं आणि ती कल्पना दर काही फ्रेमनंतर बदलत होती.

मग कल्पना एकदाच करू द्यायची. एआयच्या क्लिपमधली सगळ्यात चांगली दिसणारी एक फ्रेम PNG म्हणून काढा, फोटो एडिटरमध्ये सांधे नीट करा आणि ती मूळ क्लिपच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा. मास्क लावून फक्त स्कूटरपुरता तुकडा दिसू द्या, कडा थोड्या मऊ करा. एआयची अख्खी क्लिप वापरू नका. काही टूल्स मास्कबाहेरचं चित्रही किंचित बदलतात. खात्री करायची असेल तर एआयची क्लिप मूळ क्लिपवर ठेवून ब्लेंड मोड Difference करा. मास्कबाहेर काळ्याऐवजी चमकणारे ठिपके दिसले, तर तिथेही हात फिरलाय.

काय पुसायचं ते टूलला दाखवताना मी मास्क घट्ट घेतला, ही माझी दुसरी चूक. स्कूटर गेली, पण फरशीवर तिची सावली राहिली. सावली दिसली की टूल तिच्यावर काहीतरी उभं करू पाहतं. मास्क सैल ठेवा आणि सावलीही त्यात घ्या.

तुकडा बसला तरी काम संपत नाही. मूळ चित्रात बारीक नॉइज सतत हलतो, गोठलेल्या तुकड्यात तो थिजलेला असतो आणि तेवढीच जागा मेलेली दिसते. तिथे हलता ग्रेन घाला. आमच्या शॉटमध्ये सातव्या सेकंदाला ढग आला होता, म्हणून तुकड्याचा उजेडही कीफ्रेम लावून उतरवावा लागला. पिशवी घेतलेले एक काका स्कूटरपुढून गेले होते, ते तर तुकड्याखाली चक्क गडप झाले! तेवढ्या फ्रेमपुरता त्यांचा वेगळा मास्क कापून त्यांना वर आणलं.

कॅमेरा हातात असेल तर तुकडा प्लेनर ट्रॅकिंगने, म्हणजे सपाट पृष्ठभागाची हालचाल पकडून, चिकटवावा लागतो. भिंत आणि जमीन एकाच तुकड्यात घेतली की कोपरा वाकतो. दोन तुकडे करा, दोन ट्रॅक घ्या. झाडाच्या पारंब्यांसारखं सपाट नसलेलं काही मागे असेल, तर हा उपाय चालत नाही.