गॅस गिझरची ज्योत मंदावली, तर आधी पाणी तपासा

ज्योत मंद झाली की लोक सिलिंडर बदलतात, मग रेग्युलेटर, मग सेल. सेलचे काम ठिणगी पाडणे आणि गॅसची विद्युत झडप उघडी धरणे एवढेच असते. ज्योतीची उंची त्यांच्यामुळे कमी होत नाही. गॅस किती सुटावा हे बहुतेक गिझरमध्ये वाहते पाणी ठरवते, आणि हे लक्षात न घेता केलेला खर्च पाहून मला दर हिवाळ्यात वाईट वाटते.

पाण्याच्या झडपेत रबराचा एक गोल पडदा असतो, त्यालाच डायफ्राम म्हणतात. पाणी अरुंद वाटेतून वेगाने जाताना तिथला दाब उतरतो. हा उतरलेला दाब बारीक छिद्रातून पडद्याच्या एका बाजूस पोहोचतो, दुसऱ्या बाजूस पूर्ण दाब राहतो, आणि या फरकाने पडदा सरकून पितळी पिन ढकलतो, जी गॅसची वाट उघडते. पडद्याला चीर गेली की दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा होतो आणि पिन अर्धवटच सरकते.

एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर मी गेलो, तेव्हा सिलिंडर, रेग्युलेटर आणि सेल तिन्ही बदलून झाले होते. टाकीतील पाणी गिझरपेक्षा जेमतेम तीन मीटर उंच, म्हणजे दाब सुमारे 0.3 बार, त्यामुळे घरच्यांनी पंप बसवण्याचे ठरवले होते. मी गरम पाण्याच्या नळाखाली 15 लिटरची बादली लावली. ती तीन मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला 5 लिटर पाणी येत होते. एवढ्या पाण्यावर तो गिझर नीट पेटायला हवा होता, म्हणून दोष झडपेतच होता. पडदा काढून उजेडासमोर हलका ताणला, तेव्हा मधल्या चकतीच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. त्याच मापाचा नवा पडदा बसवताच ज्योत पूर्ववत झाली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवणाऱ्यांना मी नेहमी रोखतो, कारण ते जाड रबर कमी दाबाला वाकतच नाही. पडदा बसवून झडप जोडताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत.

याउलट, थंड नळ जोरात आणि गरम नळ बारीक चालत असेल, तर प्रथम गिझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढून घासावी. ती साफ करूनही धार वाढली नाही, तर तांब्याच्या नळीत क्षार साचल्याची शक्यता मोठी. बोअरचे पाणी असलेल्या घरांत हे वारंवार घडते. जाळी कायमची काढून टाकण्याचा उपाय मात्र करू नये, कारण जाळीत अडकणारी वाळू मग पुढे झडपेत जाऊन पिन अडकवते.

न्हाताना थंड नळही मोठा उघडल्यास गिझरमधील प्रवाह घटतो आणि ज्योत विझू शकते.

काम सुरू करण्यापूर्वी सिलिंडर आणि पाणी दोन्ही बंद करावे. गॅसची बाजू स्वतः उघडू नये. जोडणी झाल्यावर नळ बंद करताच ज्योत तत्काळ विझते का, हे मी दहा वेळा तपासतो. एकदा जरी रेंगाळली, तरी पिन अडकली असे समजून सिलिंडर बंद ठेवतो आणि झडप पुन्हा खोलतो.