ऐनवेळी शिफ्ट रद्द झाली तर कर्मचाऱ्यांना मेसेज कसा लिहावा आणि बुडालेले तास कसे भरून घ्यावेत

समजा, पंचवीसेक माणसांचं कपड्यांचं दुकान आहे. सोमवारी सुट्टी, मंगळवार ते रविवार रोज आठ तास काम. मंगळवारी सकाळी साडेदहाला इमारतीची मुख्य केबल जळाली. बिलिंग बंद, दिवे बंद. दुपारी १२ ते रात्री ८:३० ची शिफ्ट रद्द करायची आहे आणि दूरच्या गावाहून येणारी मंडळी एव्हाना एसटीत बसली असतील.

म्हणून आधी फोन उचला. जे लांबून येतात त्यांना एकेकाला फोन करा आणि मगच ग्रुपवर मेसेज टाका. पहिल्या मेसेजमध्ये फक्त आजचं लिहा. तास कसे भरायचे ते घाईत ठरवलं की हमखास चुकतं.

"सर्वांना नमस्कार. इमारतीची केबल जळाल्यामुळे दुकानात वीज नाही. आज मंगळवारची दुपारी १२ ते रात्री ८:३० ची शिफ्ट रद्द आहे. कुणीही येऊ नका. जे घरातून निघाले आहेत त्यांनी मला लगेच फोन करा, जाण्यायेण्याचा खर्च दुकान देईल. आजचा पगार कापला जाणार नाही, रजाही लागणार नाही. उद्याचं रात्री ८ पर्यंत कळवतो. मेसेज वाचलात की 'मिळाला' असं लिहा."

वार, वेळ आणि पगार या तीन गोष्टी पहिल्याच मेसेजमध्ये हव्यात. "आज शिफ्ट नाही" एवढंच लिहिलं की सकाळच्या शिफ्टवालेही गोंधळतात. पगाराबद्दल गप्प राहिलात, तर दिवसभर त्याचीच चर्चा चालते. गैरहजेरीची कपात माणूस कामावर आला नाही तर होते. इथे माणूस यायला तयार होता, दुकानच बंद होतं. हजेरीपत्रकात 'दुकान बंद' अशी नोंद करा. निळ्या टिकांवर विसंबू नका. पंधरा मिनिटांत ज्यांचं उत्तर आलं नाही, त्यांना फोन करा.

आता तासांचा हिशोब. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला ९ तास अशी मर्यादा घातली होती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर न्यायला मंजुरी दिली. तरीही दिवसभर उभं राहून गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसाकडून नऊच्या वर तास मागू नयेत, असं माझं ठाम मत आहे. आपल्या दुकानात आठ तास आधीच आहेत, म्हणजे रोज एकच तास वाढवता येतो. बुधवार ते रविवार मिळून पाच. बुडाले आठ, भरून आले पाच. उरलेले तीन सोडून द्या.

ते तीन तास पुढच्या आठवड्यात ढकलायचा मोह होतो आणि तिथेच गफलत होते. पुढच्या आठवड्याचे ४८ तास आधीच भरलेले असतात. त्यावरचा प्रत्येक तास ओव्हरटाइम, म्हणजे दुप्पट दर. महिना १५,६०० पगार असेल, तर २६ दिवस आणि आठ तासांच्या हिशोबाने तासाला ७५ रुपये पडतात; तोच ओव्हरटाइमचा तास १५० चा. सोमवारच्या सुट्टीला कामावर बोलावलं तरीही दुप्पटच द्यावे लागतात.

वाढीव तास शक्यतो शिफ्टच्या सुरुवातीला घ्या. रात्री ९:३० नंतर महिलांना त्यांच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, आणि ८:३० नंतर बसही कमी होतात. पण अकराला सुरुवात केलीत तर जेवणाची सुट्टी तपासा. २०१७ च्या कायद्यात सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीची अट होती, ती पाळलेलीच बरी. पूर्वी सुट्टी ४:३० ला असेल, तर आता सलग साडेपाच तास होतात. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सुट्टी ३:३० ला आणा.

केबल बदलून झाली की संध्याकाळी दुसरा मेसेज:

"केबल बदलली, उद्या दुकान सुरू. आजचे ८ तास बुडाले, त्यातले ५ भरून काढायचे आहेत. दुपारच्या शिफ्टने बुधवार ते रविवार १२ ऐवजी ११ ला यावं, सुटायची वेळ ८:३० हीच. जेवणाची सुट्टी ३:३० ते ४. उरलेले ३ तास माफ, सोमवारची सुट्टी कायम. ज्यांना एखाद्या दिवशी लवकर येणं जमणार नाही त्यांनी उद्या सकाळी १० पर्यंत मला वेगळा मेसेज करा, कारण सांगायची गरज नाही."

वेगळा मेसेज मागितला, कारण घरचं आजारपण किंवा मुलांची शाळा ग्रुपवर सांगायला कुणाला आवडत नाही. ज्याला एखादा दिवस जमला नाही त्याला तो तास आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी ढकलू नका, दिवसाचे दहा तास होतील. त्याचा तेवढा तास सोडा आणि पगार पूर्ण द्या. रविवारी संध्याकाळी कुणाचे किती तास झाले ते प्रत्येकाला दाखवून हजेरीपत्रकावर सही घ्या.